शेवाळाचा पर्याय

माझ्या कामापेक्षा बायकोच्या कामाचं कौतुक जास्त झालं, तेव्हा आम्ही कात्रजला राहत होतो आणि दोघंही आयटीत होतो. सुट्टीच्या दिवशी मी एका कम्प्युटर गेमसाठी मॉड करायचो. मॉड म्हणजे खेळणाऱ्यानेच गेममध्ये घातलेली भर. माझ्या मॉडमुळे तिथल्या परदेशी किल्ल्यांना सह्याद्रीतला काळा दगड, त्यावरचं शेवाळ आणि पावसाळी उजेड मिळायचा.

मी ते सगळं एका झिप फाइलमध्ये देत असे, सोबत सूचनांची फाइल: हा फोल्डर इथे टाका, जुना कम्प्युटर असेल तर तो दुसरा फोल्डर टाका, दुसरा हवामानाचा मॉड असेल तर शेवटी हाही टाका. लोक चुकीचं कॉपी करायचे, मग भिंती जांभळ्या दिसायच्या आणि शिव्या मला.

बायको ऑफिसात सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलरच बनवायची. ती म्हणाली, "वाचायला लावतोसच कशाला? विचार ना त्यांना."

तिने फोल्डर वेगळे केले आणि मॉड बसवून देणारा प्रोग्राम, म्हणजे मॉड मॅनेजर, वाचतो तशी एक फाइल लिहिली. आता इन्स्टॉल करताना पहिल्या पानावर दगड बारीक तपशिलाचा हवा की जुन्या कम्प्युटरला झेपेल असा हलका, एवढंच विचारलं जाई. दोन्हींतला एकच निवडता येई. हवामानाचा तो मॉड आधीपासून असेल, तर त्याच्याशी जुळवणारी फाइल आपोआप निवडलेली दिसे. प्रत्येक पर्यायाशेजारी चित्र. शेवटचं पान होतं: शेवाळासह की शेवाळाशिवाय.

"शेवाळाशिवाय?" मी विचारलं. "त्यावर मी किती दिवस घालवलेत ते माहितीये ना?"

"माहितीये. पण नको असेल एखाद्याला."

आवृत्तीच्या नोंदीही तिनेच लिहिल्या. काय बदललं, आधी सेव्ह केलेला खेळ पुढे चालेल का, नवी टाकण्याआधी जुनी काढावी लागेल का, सगळं साध्या वाक्यांत.

तक्रारी थांबल्या. प्रतिक्रिया मात्र अशा येऊ लागल्या: "इतका सुटसुटीत इन्स्टॉलर पाहिला नाही." "इन्स्टॉलर करणाऱ्याला सलाम." दगडाबद्दल कुणी अवाक्षर काढेना. एकाने आवर्जून लिहिलं, शेवाळ काढता आलं म्हणून आभार. ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि जेवताना आमटीत मीठ कमी आहे असं उगाच म्हणालो.

"आमटी तूच केलीयेस," ती म्हणाली.

पुढे दुसऱ्या एका मॉडवाल्याने तिची मदत मागितली. रविवारी सकाळी ती हेडफोन लावून त्याला पर्यायांची पानं समजावत होती, हसत होती. त्याच्या मॉडमध्ये नुसत्या खुर्च्या होत्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत सगळं ऐकत होतो.

ती उठल्यावर मी म्हणालो, "माझी पुढची आवृत्ती तयार आहे. पाण्याचं टाकं घातलंय गडावर."

"छान. काय बदललंस ते आधी लिहून दे. मी त्याचं आटोपून मग बघते."

"त्याचं आधी?"

"त्याने आधी विचारलं."

मी बसून नोंदी लिहिल्या. पहिल्याच ओळीत टाक्याचं वर्णन लांबलं. तिने ते खोडून एवढंच ठेवलं: "नवीन: दगडी टाकं. ऐच्छिक."