काट्यावरून उठवलेल्या माणसाचा हिशेब

सकाळी पोळ्या लाटत होते, तोच दार वाजलं. दारात कडूबाभाऊ उभे. खामगावच्या एका तेलगिरणीत वर्षानुवर्षं सरकीची वजनं करणारे हे काटेवाले. आमचे हे तिथेच हिशेबनीस.

"वहिनी, साहेब हायेत का?"

हे चहा घेतच होते. कडूबाभाऊंनी नोकरी सोडताना गिरणीने दिलेला अखेरच्या हिशेबाचा कागद पुढे केला. शिल्लक रजेचा पगार जमा होता. घरावर पत्रे टाकायला घेतलेल्या कर्जाची बाकी वजा होती, आणि नोटिशीच्या महिन्याचा पगारही वजा. हातात येणार होतं ते जेमतेम किराण्यापुरतं.

"राजीनाम्यानंतर नोटिशीचा महिना कामावर येऊन भरला नाही, तर कापावाच लागतो," हे म्हणाले.

"म्या राजीनामा देल्ला तवाच शेटजी म्हनले, उद्यापासून गेटात पाय टाकू नको. मंग भरू कसा?"

गिरणीची ही जुनी रीत. राजीनामा आला की त्याच दिवशी काट्यावरून उठवायचं, जाता जाता वजनात हात मारेल म्हणून. जन्मभर ज्याच्या भरवशावर माल तोलला, तो एका अर्जाने चोर! आणि वर, कामावर आला नाही म्हणून कपात. शेटजी दरवर्षी भंडारा घालतात. त्याची पुरी कुणाच्या तेलात तळतात, ते मला त्या सकाळी कळलं.

"शेटजींना सांगणार कोण?" हे पुटपुटले.

"तुम्ही! पगार घेता त्यांचा, जीभ तर गहाण नाही ना ठेवली?"

कडूबाभाऊ हसले नाहीत.

"कर्ज कापा साहेब, ते म्याच घेतलं. पन तुम्हीच मले बाहेर ठेवलं, तो महिना तेवढा कापू नका."