आभाराच्या पानावर बायकोचं काय लिहायचं

मी आणि बायकोने बसून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. मिठागरावरच्या माझ्या दिवसांचं पुस्तक निघणार होतं, म्हणून मी तिला लेखक-परिचय वाचून दाखवला: 'मिठागरांचे गाढे अभ्यासक.'

ती म्हणाली, "अभ्यासक कोण? चौथीत शाळा सोडलीत तुम्ही. मीठ ओढायचात, तेच लिवा."

आभारात आमदार, सरपंच असे लग्नपत्रिकेसारखे मानाने लावले होते.

"यातल्या कुणी वाचलंय व्हय?"

कुणीच वाचलं नव्हतं. त्याच दुपारी ती आडवी झाली, ती उठलीच नाय.

महिन्याने रोह्याच्या प्रकाशकबाईंकडे पानं नेली. आभारात 'दिवंगत पत्नीची प्रेरणा' एवढं वाढवलं होतं. बाईंनी विचारलं, "प्रेरणा म्हणजे त्या नेमकं काय करायच्या?"

मला असा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आठवून सांगितलं, "लिहिलेलं मी वाचून दाखवायचो, ते ऐकायची. कंटाळली की उठून भांडी घासायला जायची. तेवढा भाग मी काढून टाकायचो."

"मग हेच लिहा की, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला घरी बसून मी आमदार-सरपंच खोडले. परिचयात 'पेणच्या मिठागरांवर मजूर होतो' असं लिहिलं. आभारात लिहिलं, 'हे पुस्तक बायकोने पूर्ण ऐकलं. ती उठून गेली ते भाग यात नाहीत.'