दादाच्या सहीचं मंजुरीपत्र

आमच्या वाडीत माणूस गेल्यावर जलदान विधीच्या, म्हणजे पुण्यानुमोदनाच्या, शेवटी एक प्रश्न विचारला जातो. वंदना होते, ज्यांना बोलायचं असतं ते दोन शब्द बोलतात, आणि पंगत बसण्याआधी वाडीचे अध्यक्ष उभे राहून म्हणतात, गेलेल्याकडे कोणाचं काही राहिलं असेल तर आत्ता सांगा. हा विधीचा भाग नाही. अर्धी वाडी कायम मुंबईला असायची, उसनवारी तोंडी चालायची, त्यातून पडलेली ही रीत असावी. बहुतेक वेळा कोणी काही बोलत नाही. एखादा दुकानदार म्हणतो, होते थोडे, मी सोडले.

माझ्या दादाच्या वेळीही कोणी बोललं नाही. अध्यक्ष खाली बसणार इतक्यात वहिनीच उठली. पदर डोक्यावर नीट घेऊन ती म्हणाली, "बँकेचं हाय. पोरीच्या शिक्षणाचं. त्यावर त्यांची सही हाय. ह्याच आठवड्यात फेडून टाकते."

लोकांनी माना हलवल्या. मी तिच्या शेजारीच बसले होते आणि मला त्या क्षणी तिचं बोलणं फार योग्य वाटलं. दादाने आयुष्यात कोणाचं काही ठेवलं नव्हतं. बिरवाडीजवळच्या कारखान्यात तो पाळीवर जायचा आणि पगाराच्या दिवशी किराणावाल्याचा हिशेब मिटवूनच घरी यायचा. कर्ज काढलं ते एकदाच, त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा. आमच्या घरातलं ते पहिलंच कर्ज. तिचं पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि दादा एका सकाळी कामावर निघताना ओट्यावर बसला तो उठलाच नाही.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भाचीने फाइल काढून मंजुरीपत्र माझ्यापुढे ठेवलं. मी महाडला शाळेत इतिहास शिकवते, म्हणून घरातलं इंग्रजी माझ्याकडे येतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मुंबईहून आलेला आमचा चुलतभाऊ दारात उभा होता.

"वन्स, तुम्ही मास्तरीण," वहिनी म्हणाली. "काय ल्हिलंय ते सांगा. कुठं भरायचं तेवढं कळूं द्या."

मी वाचू लागले. पहिलाच अडलेला शब्द मोरेटोरियम. भाचीला तो ठाऊक होता. शिक्षण चालू आहे तोवर आणि ते संपल्यावर आणखी एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, तो काळ.

"म्हंजे आत्ता कोणी मागत नाय?"

"नाही. पण व्याज धरलं जातं," मी पुढची ओळ वाचून म्हटलं. "या काळात साधं व्याज. व्याजावर व्याज नाही. हप्ते सुरू होताना ते सगळं मुद्दलात मिळवतात आणि मग त्या बेरजेवर हप्ता ठरतो."

"मागणारा थांबलाय," वहिनी म्हणाली, "देणं चालूच हाय."

पुढे फ्लोटिंग रेट होता. व्याजाचा दर कायमचा बांधलेला नाही, त्याचे दोन भाग आहेत. एक बाहेरच्या दराला जोडलेला, तो खालीवर होतो. दुसरा बँकेने त्यावर लावलेला ठरावीक भाग. बाहेरचा दर वाढला की आपलं व्याज वाढतं, उतरला की उतरतं. हप्ते सुरू झाल्यावर असा फरक पडला तर एक तर हप्त्याची रक्कम बदलते, नाही तर हप्ते किती काळ भरायचे ते बदलतं.

"कांद्याचा भाव," वहिनी म्हणाली.

"तसंच. फक्त आपण घेऊन ठेवलेल्या कांद्यालासुद्धा नवा भाव लागतो."

ती जराशी हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग मी फोरक्लोजर हा शब्द वाचला आणि दारातून चुलतभाऊ एकदम आत आला. "हे वाईट हां, वहिनी. फोरक्लोजर म्हंजे घर जप्त. पिक्चरमध्ये बघितलंय मी, बाहेर बोर्ड लावतात."

"भावोजी, घर कुठं लावलंय ह्याला? पोरीवर काढलंय. पोरीला जप्त करून न्हेतील काय?"

"नेली तर परत आणून सोडतील," भाची म्हणाली. "मी काय कमी खाते?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. जप्तीचं त्यात काही नव्हतं. मुदतीआधी सगळी बाकी एकरकमी भरून कर्ज बंद करण्याला इथे फोरक्लोजर म्हटलं होतं, आणि या कर्जाला त्याचं वेगळं शुल्क नाही असंही लिहिलं होतं. वहिनीला हवं ते नेमकं हेच. दादाची एक ठेव होती, नॉमिनी तीच. पहिल्या वर्षाची फी आणि त्यावरचं व्याज त्यातून भागत होतं. कागद मिटवून मी म्हटलं, "होईल." पत्राचं शेवटचं पान मी त्या दिवशी वाचलंच नाही. फोरक्लोजरचा अर्थ लागला तिथेच मी थांबले.

आठवड्यात आम्ही तिघी महाडच्या शाखेत गेलो. पोलादपूरमार्गे येणारी एसटी उशिरा आली. कशेडी घाटात ट्रक बंद पडला होता. कर्जाचं टेबल एका तरुण बाईंकडे होतं. त्यांनी खातं उघडून पाहिलं, दादाबद्दल कळल्यावर क्षणभर हात थांबवले आणि विचारलं, "बंद का करायचंय, ताई?"

"ते गेले. त्यांच्या नावावर नको ऱ्हायला."

"कर्ज मुलीच्या नावावर आहे. बाबा सहकर्जदार होते, म्हणजे तिच्याबरोबर फेडीची जबाबदारी घेतलेले." त्यांनी पत्राचं शेवटचं पान उलटून आमच्याकडे केलं. "बंद करा म्हणालात तर आज आकडा काढून देते. शुल्क नाही. पण मंजुरी चारही वर्षांच्या फीची आहे. बँक दरवर्षी ती परस्पर कॉलेजला पाठवते. आतापर्यंत पहिल्याच वर्षाची गेली आहे. खातं बंद झालं की उरलेल्या तीन वर्षांची मंजुरी रद्द होते. पुढे कर्ज हवं झालं तर अर्जापासून सगळं नव्याने, आणि मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी त्या पानाकडे पाहत होते. ठेव इथे भरली तर दुसऱ्या वर्षाच्या फीला घरात काही उरत नव्हतं, आणि ती फी महिन्याभरात भरायची होती.

"मी थांबेन," भाची हळूच म्हणाली. "माझ्याबरोबरच्या दोघी बिरवाडीला कंपनीत लागल्यात. वर्ष-दोन वर्षं काम करीन, मग बघू."

"गप ऱ्हा गो," वहिनी म्हणाली.

बाईंनी दुसरा मार्ग सांगितला. बाबांच्या जागी आईला सहकर्जदार करता येईल. वहिनीचं अंगणवाडीतलं मदतनिसाचं मानधन कमी पडतं, म्हणून माझीही सही आणि पगाराची पावती जोडावी. वरच्या कार्यालयाची मंजुरी लागेल. आणि व्याज डोक्यावर साठू द्यायचं नसेल तर मोरेटोरियममध्येही दरमहा तेवढं भरता येतं, सक्ती नाही.

"विचार करून या," त्या म्हणाल्या.

आम्ही एसटी स्टँडवर येऊन बसलो. भाची पाण्याची बाटली आणायला गेली. मी म्हटलं, "वहिनी, कर्ज राहू दे. तुला कोणी विचारणार नाही."

"विचारायला दुसरं कोण कशाला लागतंय? त्यांच्या पुण्यानुमोदनाला उभी ऱ्हाऊन बोललेय मी."

"तेव्हा आपल्याला हे माहीत नव्हतं."

"तुम्हांला नव्हतं, वन्स. तुम्ही वाचलंत, तरी नव्हतं." ती हे रागाने म्हणाली नाही. पोलादपूरची गाडी लागली, लोक चढले, आम्ही उठलो नाही. शेवटी तिने विचारलं, "त्यांचं नाव काढून माझं घातलं, तर देणं कोणाचं?"

"तिचं आणि तुझं. माझंही."

"आणि त्यांचं?"

मला खात्री नव्हती. पुन्हा न वाचता हो म्हणायची हिंमत उरली नव्हती. आम्ही उलट्या पावली शाखेत गेलो आणि तिने तोच प्रश्न त्या बाईंना विचारला.

"मंजुरी आली की नवा करारनामा होतो," त्या म्हणाल्या. "त्यावर तुम्हा तिघींच्या सह्या. त्यानंतर बाबांच्या नावाचा या खात्याशी संबंध राहत नाही."

"मंग तसं करा," वहिनी म्हणाली.

तसं व्हायला वेळ लागला. मृत्यूचा दाखला होता, पण वहिनीचं पॅन कार्डच नव्हतं. ते काढलं. वरच्या कार्यालयाने काहीतरी परत मागवलं. कॉलेजकडून फीसाठी थोडी मुदत भाचीने अर्ज करून मिळवली. ते दिवस मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. पत्र मात्र आता पाठ झालं होतं, शेवटच्या पानासकट.

सह्यांच्या दिवशी बाईंनी जुन्या करारनाम्याची प्रत समोर ठेवली होती. दादाची सही मी तिथे पाहिली. अक्षरं सुटी सुटी, नावाखाली रेघ. मनातल्या मनात मला हे कर्ज दादाच्याच नावावर राहायला हवं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. रेशनकार्डावरून नाव गेलं होतं, कारखान्याच्या हजेरीतून गेलं होतं. या एका ठिकाणी दादा अजून काही करायला बांधील होता, आणि माणूस बांधील आहे म्हणजे तो कुठेतरी आहे, असं मी धरून बसले होते. वहिनीने पेन घेतलं आणि बोट ठेवून दाखवलेल्या प्रत्येक जागी सावकाश सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं.

त्या रविवारी विहारात वंदना संपल्यावर ती अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे होते.

"त्या बँकेच्या देण्याचं सांगायचं होतं," ती म्हणाली.

"फेडलंस, सूनबाय?"

"नाय. घेतलं. आता मी धरलंय, पोरीनं आणि वन्सनी. त्यांचं नाव काढलं त्यातनं. व्याज म्हैन्याच्या म्हैन्याला भरणार, मुद्दल पोरगी नोकरीला लागली की."

म्हाताऱ्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "बँकेला चालतंय असं?"

"चालतंय. ल्हिलेलं हाय."

"वाचलंस?"

"वन्सनी वाचलं. मंग मी पुन्यांदा वाचून घेतलं."

काही बायका हसल्या. मीही हसले. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि चटया गुंडाळायला उठलेल्या लोकांना हाताने थांबवलं. दादाचं नाव घेऊन ते म्हणाले, याच्याकडे आता कोणाचं काही राहिलेलं नाही, सर्वांनी ऐकून ठेवा.

लोकांनी ऐकलं आणि पुन्हा चटया उचलायला लागले. वहिनीही हातभार लावायला पुढे झाली. मी मात्र होते तिथेच खाली बसले आणि रडले, जलदानाच्या दिवशी रडले नव्हते तेवढं.