मामांनी फोनवर दिलेला शब्द

माती तपासणीच्या उपकरणासाठी मी कर्ज घेतले होते आणि त्याचे तीन हप्ते थकले होते, हे मार्केट यार्डात कांद्याची आडत करणाऱ्या मामांना माझ्याकडून नव्हे, वसुली एजंटाकडून कळले. अर्जातल्या ‘संदर्भ’ या रकान्यात मी त्यांचा नंबर लिहिला होता. आठवडाभर रोज चार-पाच फोन आल्यावर मामा त्याला म्हणाले, “मी भरतो.” पैसे होते ते मामींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीत. ती सोमवारी मोडायची, असे त्यांनी ठरवले.

मला लाज वाटली, तशीच उत्सुकताही वाटली: या एजंटाला नेमका किती अधिकार आहे? मी प्रत्येक फोनची वेळ, नंबर आणि बोलणे टिपू लागले, आणि रिझर्व्ह बँकेचे नियम वाचले. फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत करायचा. माझ्या नोंदींत सकाळचे पावणेआठ होते, रात्रीचे साडेआठही होते. नातेवाइकांना त्रास देऊन दबाव आणायला मनाईच होती.

शनिवारी मी कर्जाचा करार घेऊन मामांच्या गाळ्यावर गेले.

“यात तुमची सही दाखवा.”

“सही कशाला? इथे नुसत्या शब्दावर ट्रक उतरतो.”

“जामीनदार सहीने होतो, मामा. तुम्ही फक्त ओळखीचे आहात.”

तेवढ्यात एजंट आला. मी ओळखपत्र मागितले, त्याने दाखवले. बँकेचे अधिकारपत्र मागितले.

“गाडीत आहे, मॅडम.”

“आणा. आम्ही बसलोच आहोत,” मामा म्हणाले. “गाडी साताऱ्याला लावली नसेल तर.”

तो पत्र घेऊन परतला. त्यावर माझे नाव होते. पत्ता माझ्या धायरीच्या घराचा होता, गाळ्याचा नव्हता. “मग इथे कसे आलात?” मी विचारले. मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. “टार्गेट असतं,” तो हळूच म्हणाला आणि निघाला.

त्याच दुपारी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मी नोंदींसह लेखी तक्रार पाठवली. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येणार होते. तशी वेळ आली नाही. दहाव्या दिवशी उत्तर आले: मामांना फोन होणार नाहीत, मला ठरल्या वेळेतच होतील. कर्ज अर्थातच माझेच राहिले. हप्ते लहान करून मिळावेत, असा अर्ज मी केला.

मुदत ठेव मामांनी मोडली नव्हती, पण ते अस्वस्थ होते. दिलेला शब्द परत घ्यायचा तर समोरच्याला सांगून, अशी यार्डाची रीत. शेवटी त्यांनीच एजंटाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मी भरतो म्हणालो होतो, ते मागे घेतो.”

“काका, तुमच्याशी बोलायला आम्हाला बंदी आहे.”

“तुम्ही कुठे बोलताय? मी बोलतोय,” असे म्हणून मामांनी फोन ठेवला आणि मामींच्या डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला.