बाईंच्या लाल पेनाची पैज

आमच्या बाई निबंधातली चूक कधी दुरुस्त करायच्या नाहीत. हे ऐकून नवीन पालक भुवया उंचावत. पण तीच त्यांची रीत होती. मुलानं 'सुर्योदय' लिहिलं की बाई त्या 'सु'भोवती लाल वर्तुळ काढायच्या आणि वर बारीक अक्षरात शब्द फोडून ठेवायच्या: सूर्य + उदय. पुढे एक अक्षर नाही. जोडायचं काम मुलांचं. जोडून झालं की तोच शब्द वहीच्या मागच्या पानावर पाच वेळा लिहायचा, आणि ते मागचं पान बाई पुढच्या पानांइतक्याच बारकाईनं वाचायच्या.

मी त्यांची विद्यार्थिनी. माझ्या वेळी मी 'परिक्षा' लिहायची, आणि माझ्या मते ते अगदी झकास दिसायचं. बाईंनी वर लिहिलं, परि + ईक्षा. म्हणाल्या, "दोन वेलांट्या एकमेकींना भेटल्या तर काय होईल गं?" मी म्हटलं, "भांडतील." वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. "भांडत नाहीत. दोघी मिळून एक मोठी होतात." तेव्हापासून माझी परीक्षा आयुष्यभर दीर्घ राहिली. पुढे मी त्याच शाळेत सातवीला मराठी शिकवायला लागले आणि शिक्षकांच्या खोलीत बाईंच्या समोरचं टेबल मला मिळालं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी किती 'उज्वल' फोडले असतील, मोजदाद नाही. उत् + ज्वल. "दोन ज आहेत बाळा, एक कुठे खाल्लास?"

जे शब्द संधीचे नाहीत, त्यांना नुसतं वर्तुळ. 'बहिण' लिहिलं तर 'हि'वर वर्तुळ, आणि मुलानं आठवायचं की शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी दुसरी येते. बहीण, गरीब, शरीर. आणि 'बहिणीला' म्हटलं की तीच पहिली होते. मुलं वैतागायची. "मघाशी मोठी होती, आता लहान कशी?" बाई म्हणायच्या, "तू नाही का, घरी मोठा आणि मामाकडे गेलास की लहान?"

शिवाय पैज होती. वर्गाच्या पहिल्याच दिवशी बाई लाल शाईचं पेन उंच धरायच्या. जुनं, जाड, टोपणाची पट्टी झिजलेलं. "माझी चूक जो दाखवील, त्याला हे पेन." एकतीस वर्षांत ते पेन बाईंच्या पर्समधून हललं नव्हतं. आम्ही जंग जंग पछाडलं होतं. कुणाला काही सापडलं नाही.

त्या वर्षी आठवीत एक मुलगी होती. प्रत्येक गोष्टीत "पण का?" विचारायची म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "पेन मी घेणार." रोज घरी गेल्यावर ती बाईंनी फळ्यावर लिहिलेलं शब्दकोशात पडताळून बघायची. बाईंना ती फार आवडायची. निवृत्तीला त्यांना चारच महिने उरले होते आणि मला वाटतं, जाण्यापूर्वी हे पेन कुणीतरी जिंकावं असं त्यांच्या मनात असावं.

आमच्याकडे दर महिन्याला फेरतपासणी असते. एका शिक्षकानं तपासलेल्या वह्या दुसऱ्यानं बघायच्या आणि खाली सही करायची. खरं सांगायचं तर बाईंचा गठ्ठा आला की मी डोळे मिटून सह्या ठोकायची. त्या दिवशी मात्र पहिल्याच वहीत काहीतरी खुपलं. 'परीक्षा' बरोबर लिहिलेलं होतं, आणि 'री'भोवती लाल वर्तुळ होतं.

बाईंचा डोळा लागला असेल, म्हटलं. पुढची वही उघडली. 'आशीर्वाद' बरोबर, त्यावर वर्तुळ. तिसऱ्या वहीत 'बहीण', त्यावर वर्तुळ. आणि शेजारी धडधडीत 'विद्यार्थीनी' लिहिलेलं तसंच सुटलेलं. चाळीस वह्यांपैकी अकरा वह्यांत असं होतं. मग मी मागची पानं बघितली. मुलांनी वर्तुळाचा मान राखला होता. 'परिक्षा', 'परिक्षा', 'परिक्षा', पाच वेळा, सुवाच्य अक्षरात. वकीलबाईच्या वहीतसुद्धा.

अलीकडे बाई त्याच गोष्टी दोनदा सांगायच्या, चष्मा डोक्यावर ठेवून पर्समध्ये शोधायच्या, हे मी बघत होते. त्यावर आम्ही हसतही होतो. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मधल्या सुट्टीत मी वकीलबाईला जिन्याखाली गाठलं. वही तिच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

तिनं वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही बाईंना सांगणार नाही ना?"

"आधी मला सांग. तुला माहीत नाही का, कसं लिहितात ते?"

"माहीत आहे. परि अधिक ईक्षा. सगळ्यांना माहीत आहे." ती बोटानं पान कुरवाळत होती. "मागचं पान आम्ही बाईंसाठी लिहितो. निबंधात बरोबरच लिहितो. आमचं वर्गात ठरलंय."

"काय ठरलंय?"

"पेन कुणी मागायचं नाही."

जिन्याखाली उभी राहून मी रडले, आणि ती पोर मला पाणी आणायला गेली.

त्यानंतर मला मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं. नाहीतर सरळ बाईंकडे. मी दोन्ही केलं नाही. चार महिने तर आहेत, म्हटलं. सन्मानानं जाऊ देत. एकतीस वर्षं ज्या बाईनं एक वेलांटी चुकू दिली नाही, तिला तोंडावर कोण सांगणार? मी माझं पेन उचललं आणि चाळीसच्या चाळीस वह्यांवर सही केली. चुकीच्या वर्तुळांखालीसुद्धा. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली, की बघा, मी किती मायाळू.

पुढचे दोन महिने असेच काढले. वर्तुळं वाढत गेली, माझ्या सह्याही. मग एक सकाळ अशी आली की बाईंचं डोकं लख्ख होतं. असे दिवस मधूनच यायचे. त्यांनी आठवीच्या वर्गात मागची पानं तपासायला घेतली. भिंतीपलीकडे माझा वर्ग, मला सगळं ऐकू येत होतं.

"हे काय लिहिलंय? पाच वेळा 'परिक्षा'? आणि हिनंही? आणि यानंही?" बाईंचा आवाज चढत गेला. "कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

मी खडू ठेवून आठवीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"वकीलबाई, तू बोल. एरवी तोंड बंद नसतं तुझं."

मुलगी उभी राहिली. "बाई, माझी चूक झाली."

"चूक झाली म्हणजे? शब्द फोड बघू."

"परि अधिक ईक्षा. परीक्षा. दुसरी वेलांटी."

"मग येतंय की! मग असं का लिहिलंस?"

बाईंनी वही उलटी केली. पुढचं पान उघडलं. तिथे बरोबर लिहिलेला शब्द होता, त्यावर लाल वर्तुळ होतं, आणि लाल पेन बाईंच्याच हातात होतं. बाई त्या पानाकडे बघत राहिल्या. मग दुसरी वही घेतली, मग तिसरी.

शेवटी बाई वकीलबाईच्या बाकापाशी गेल्या आणि त्यांनी पेन तिच्यासमोर ठेवलं. "घे. तुझं आहे."

"नाही बाई," ती म्हणाली. "मला काही चूक सापडली नाही."

आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

बाई पेन आणि गठ्ठा उचलून शिक्षकांच्या खोलीत आल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी एक वही माझ्यासमोर उघडून ठेवली. वर्तुळाखाली माझी सही होती.

"ही तुझी सही ना?"

"हो बाई."

"वाचून केलीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. बेफिकीर ठरले असते, एवढंच. "हो," मी म्हटलं.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मुलं लहान आहेत गं. त्यांना वाटलं, गप्प राहणं म्हणजे प्रेम. पण तुला तर मी शिकवलं होतं."

त्या दिवसानंतर बाई शाळेत आल्या नाहीत. निरोपसमारंभ नको, म्हणून चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत 'आशीर्वाद' शब्द होता. तो बरोबर होता. आणि खाली त्यांनी तो फोडूनही दाखवला होता, आशीः + वाद, जणू स्वतःच स्वतःची खात्री करून घेत होत्या.

दोन महिन्यांनी वकीलबाई माझ्याकडे आली. "मला बाईंना निबंध दाखवायचाय." बाई त्यांच्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. आम्ही दोघी गेलो. बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स. मला त्यांनी ओळखलं. वही दिसताच चेहरा उजळला. पेन काढलं, टोपण पेनाच्या मागे लावलं आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत थांबल्या. 'नीरोगी' शब्दातल्या 'नी'भोवती त्यांनी वर्तुळ काढलं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी काय केलं सांगू? मी खिडकीबाहेर बघितलं.

"बाई," वकीलबाई म्हणाली. "हे बरोबर आहे. वर्तुळ चुकलंय."

बाईंची बहीण दारात थबकली. बाईंनी मुलीकडे रोखून बघितलं, मग शब्दाकडे. मग अगदी सावकाश, एकेक अक्षर काढत त्यांनी वर लिहिलं: निः + रोगी. ओठ हलत होते. "पुढे र आला... विसर्ग गेला... आणि जाताना मागची वेलांटी..." त्या अडल्या.

"मोठी करून गेला," मुलगी म्हणाली.

"मोठी करून गेला," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं. चूक माझी." आणि त्यांनी पेनाला टोपण लावून ते तिच्या हातात दिलं. इतक्या खुशीत मी त्यांना वर्षभरात बघितलं नव्हतं. मुलीनं या वेळी पेन घेतलं. दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे गं. कोण आहे ही? पुढच्या वर्षी माझ्या वर्गात घालशील का हिला?"

मी "हो बाई" म्हटलं.