नापासकाका आणि न लागणारं दार

माझे काका नटबोल्टच्या कारखान्यात तपासनीस होते. लोकांनी बनवलेल्या वस्तू उजेडात धरायच्या आणि नापास करायच्या, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. घरातल्या पंख्याचा आवाज नापास, शेजाऱ्यांची बाग नापास, जावई तर पहिल्या भेटीतच नापास. आम्ही पुतण्या त्यांना पाठीमागे नापासकाका म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं, आतून आवडतंही.

काकूच्या हातांना इसब झालं. बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या, साबणाचं पाणी लागलं की आग व्हायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, भांडी घासणं बंद. म्हणून डिशवॉशर आला. आला काकूसाठी, पण ताबा घेतला काकांनी. भांडी मशीनमध्ये लावणं हे म्हणे शास्त्र आहे. काकूने ठेवलेली ताटली ते बाहेर काढत आणि तीन बोटं सरकवून परत तिथेच ठेवत. पातेली एकात एक अशी ठासून भरत की पाण्याला आत शिरायला परवानगी काढावी लागावी. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. काकू मात्र दुपारचे दोन कप आणि बशी पडली की हळूच मशीन लावायची. त्यावरून घरात जेवढं बोलणं झालं तेवढं मुलीच्या लग्नातही झालं नव्हतं.

मध्यंतरी काका त्यांच्या बहिणीकडे आठवडाभर राहायला गेले. काकू घरी एकटीच होती. दुसऱ्याच दिवशी तिने फोनवर सांगितलं, "अहो, मशीन चालूच होत नाहीये."

"तू हात लावू नकोस. मी आल्यावर बघतो," काका म्हणाले आणि बहिणीच्या घरातली गळकी तोटी नापास करायला गेले.

काकूने हात लावला नाही, म्हणजे मशीनला. भांड्यांना लावला. रबरी हातमोज्यांत घाम येऊन भेगा जास्तच चिघळल्या, म्हणून मोजेही काढून टाकले. आणि वर तिला वाटत राहिलं की आपल्याच हातून काहीतरी बिघडलं.

काका परतले ते मोहिमेवर निघाल्यासारखे. आल्या आल्या घरातली होती नव्हती ती सगळी भांडी त्यांनी मशीनमध्ये कोंबली आणि दार लावलं. दार लागेना. ढकललं की उसळून परत यायचं, 'खट्' असा आवाज काही केल्या येईना. "बघ! आपटून आपटून खिट्टी घालवलीस," ते काकूला म्हणाले. मग गुडघा लावला. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची दाराला टेकवून तिच्यावर स्वतः बसले. त्या रविवारी मी गेले तेव्हा काका स्वयंपाकघरात पहारेकऱ्यासारखे खुर्चीत बसलेले, आणि काकू बेसिनपाशी आणखी एक कढई घासत उभी. मी तिचे हात पाहिले. लाल, फुटलेले, दोन ठिकाणी रक्त.

"खालचा ट्रे पूर्ण आत गेला नाहीये," काकू पाठमोरीच म्हणाली. "मागे मोठ्या पातेल्याचा कान अडलाय."

"तुला यंत्रातलं काय कळतं? खिट्टीच गेलीय."

काकांनी मशीनचा प्लग काढला, एवढं शहाणपण त्यांच्याकडे आहे. दाराच्या आतल्या कडेचे स्क्रू काढून त्यांनी खिट्टी बाहेर घेतली. खिट्टीच्या आत एक बारीक स्विच असतो. दार लागलं की तो दाबला जातो, आणि तो दाबला गेल्याशिवाय मशीन पाणी घेत नाही, नाहीतर सगळा पूर स्वयंपाकघरात. काकांनी तो बोटाने दाबून पाहिला. टक्. सोडला. टक्. मग वीज तपासायचा मीटर लावला. दाबल्यावर मीटर वाजला, सोडल्यावर गप्प झाला. स्विच ठणठणीत होता. काकांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू त्यांच्या हातून पास झाली होती.

ते सगळं परत बसवेपर्यंत मी गुपचूप ट्रे ओढला, पातेलं उचलून बाहेर ठेवलं आणि ट्रे सरकवला. या वेळी दार एका बोटाने लागलं. खट्.

"पाहिलंस? खिट्टी नीट बसवल्याचा परिणाम," काका म्हणाले.

 मी बोलणार होते, काकूने डोळ्यांनीच नको म्हटलं.

पण मशीन सुरू काही झालं नाही. काकांनी बटण दाबलं, नुसतंच पीं वाजलं. पुन्हा दाबलं, पुन्हा पीं. वरच्या पट्टीवर कुलुपाचं एक इवलंसं चित्र लाल पेटलं होतं. "हा बघ दिवा. दार लागलं नाही असं तो सांगतोय. स्विच मीटरवर पास होतो, कामावर नापास. असे बोल्ट मी हजारो पाहिलेत." ते निकाल देऊन मोकळे झाले, आणि काकू पुन्हा बेसिनकडे वळली. मी तिला बाजूला करून उरलेली भांडी घासली. काकांनी तीही तपासली.

मी रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. बोलघेवडा होता, खिशात फोन सारखा वाजत होता आणि नवा स्विच काकांच्या सांगण्यावरून सोबतच आणला होता. त्याने दार उघडलं, लावलं, खिट्टीचा आकडा पाहिला. मग पट्टीकडे नजर गेली आणि तो हसायलाच लागला.

"घरात लहान मूल आहे का?"

"नाही," काकू म्हणाली.

"मग चाइल्ड लॉक कोणी लावलं? या कुलुपाच्या चित्राचा अर्थ तोच. बटणं बंद. प्लग काढला तरी ते तसंच राहतं. आणि चुकून लागत नाही हो, हे बटण दाबून धरावं लागतं." त्याने बटण दाबून धरलं. लाल दिवा गेला. सुरू करायचं बटण दाबलं आणि मशीनमध्ये पाणी शिरल्याचा आवाज आला.

मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर शेजाऱ्यांची बाग बघत होते.

"गावाला जाताना लावलं होतं," शेवटी ते म्हणाले. "ही दोन दोन कपांसाठी मशीन लावते. वीज जाते, पाणी जातं. नंतर डोक्यातून गेलं."

ते खरंच विसरले होते, यावर माझा विश्वास आहे. विसरले नसते तर दिवसभर खुर्चीवर बसून स्वतःचं हसं करून घेतलं नसतं. पण त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, उलट वाढलाच.

काकू पदराला हात पुसत होती. पदर भेगांना लागला तशी ती थांबली.

"माझ्यावर कुलूप लावलंत ते लावलंत," ती शांतपणे म्हणाली, "पण लावलंय हे लक्षातही राहिलं नाही तुमच्या?"

मेकॅनिकने फोन कानाला लावला, वाजत नसतानाही.  काकू मेकॅनिककडे वळली. "दादा, ते बटण मला दाखवा. कसं लावायचं आणि कसं काढायचं, दोन्ही."

तिने दोन्ही करून पाहिलं, मेकॅनिकसमोर आणि काकांसमोरही.

काकूचे हात महिन्याभरात भरून आले. काकांशी धड बोलायला मात्र तिला त्याहून बराच जास्त वेळ लागला.