जर्मनीला भाषेत आठ गुण

कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी मी जर्मनी, आयर्लंड आणि अमेरिका असे तीन देश एका तक्त्यात मांडले. खर्च, भाषा, शिकल्यावर काम करायची मुभा आणि नोकऱ्यांची मागणी, प्रत्येकाला दहापैकी गुण. जर्मनी पहिला आला. सोनपेठला घरी गेल्यावर मी तो तक्ता ऐटीत वडिलांपुढे ठेवला. ते जिल्हा परिषद शाळेत गुरुजी होते. उभी हयात पेपर तपासण्यात गेलेली.

"जर्मनीला भाषेत आठ? तुला जर्मन येतं का?"

"वर्गात इंग्रजीतच शिकवतात."

"आन् नोकरीत?"

"बऱ्याच ठिकाणी जर्मन लागतं," मी पुटपुटले.

"मग आठ कशाचे? तू आधी देश ठरवलास आन् मग त्याला पास केलंस. असले मास्तर मी लय पाह्यलेत!"

त्यांनी आठाचे दोन केले. आयर्लंड वर सरकला. तिथं इंग्रजी चालतं आणि शिकल्यावर दोन वर्षं काम करता येतं, पण तिथली फी पाहून आईनं पदर तोंडाला लावला. अमेरिकेची फी तर मी सांगितलीच नाही. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं.

"मग दोनाचे आठ करून दाखव," वडील म्हणाले.

मी ऑनलाइन जर्मन शिकू लागले. लक्ष ठेवायला म्हणून तेही शेजारी बसायचे. महिन्याभरात मास्तरीणबाई त्यांचंच कौतुक करू लागल्या.